परदेशी गुंतवणुकीचा परतावा रुपयात कसा मोजावा आणि विनिमय दरामुळे तिची अस्थिरता किती बदलते हे कसे पाहावे

३१ मार्च २००८ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक १३२२.७० वर बंद झाला आणि बरोबर एक वर्षाने तो ७९७.८७ वर आला. म्हणजे जागतिक वित्तीय संकटाच्या त्या वर्षात निर्देशांक ३९.६८ टक्क्यांनी घसरला. त्याच दोन तारखांना डॉलरचा संदर्भ दर अनुक्रमे ३९.९७ आणि ५०.९५ रुपये होता, म्हणजे डॉलर रुपयाच्या तुलनेत २७.४७ टक्क्यांनी महाग झाला. या निर्देशांकात पैसे असलेल्या भारतीय गुंतवणूकदाराचे त्या वर्षी किती टक्के नुकसान झाले, असे विचारले तर बरेच लोक पहिल्या आकड्यात दुसरा मिळवून सुमारे १२ टक्के असे उत्तर देतात. खरे उत्तर २३.११ टक्के आहे. हा फरक कोठून येतो ते आधी पाहू. त्यानंतर सहा वर्षांच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून विनिमय दरामुळे परताव्यातील चढउतार वाढतो की कमी होतो, हे एका साध्या स्प्रेडशीटमध्ये मोजू.

पहिली पायरी: दराची दिशा आणि दराचा स्रोत ठरवणे

सर्व हिशेबात विनिमय दर ‘एका परकीय चलनाला किती रुपये’ याच स्वरूपात ठेवावा. वृत्तपत्रांत मात्र बातमी अनेकदा उलट दिशेने येते. उदाहरणार्थ, मार्च २०२२ अखेर डॉलर ७५.८१ रुपयांना होता आणि मार्च २०२३ अखेर ८२.२२ रुपयांना. यात डॉलर ८.४६ टक्क्यांनी वधारला, पण रुपयाकडून पाहिले तर रुपया ७.८० टक्क्यांनी घसरला. दोन्ही विधाने बरोबर आहेत, तरी आपल्या सूत्रात पहिलाच आकडा बसतो, कारण आपल्या हातात डॉलरची मालमत्ता आहे आणि तिची रुपयातील किंमत आपल्याला हवी आहे. दुसरा आकडा वापरल्यास चूक लहान दिसते, पण दर जितका जास्त हलेल तितकी ती वाढत जाते.

दराचा स्रोत एकच असावा. भारतात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करत असे. जुलै २०१८ पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. या यादीत येनचा दर शंभर येनांना दिलेला असतो, हे जपानी निर्देशांकाचा हिशेब करणाऱ्याने लक्षात ठेवावे. टक्केवारीतील बदलावर त्याचा परिणाम होत नाही, पण रुपयातील किंमत काढताना ती शंभरपट चुकते. बाजाराला सुट्टी असेल तर त्याआधीचा शेवटचा जाहीर झालेला दर घ्यावा. मार्चअखेर अशी सुट्टी बऱ्याचदा येते.

संदर्भ दर हा अभ्यासासाठीचा दर आहे. बँकेतून पैसे परदेशी पाठवताना प्रत्यक्षात याहून महाग दर लागतो आणि परत आणताना याहून स्वस्त दर मिळतो. दोन्ही वेळा एक-एक टक्का गेला असे धरले, तर एकूण परताव्याच्या गुणकाला ०.९९ भागिले १.०१ ने गुणावे लागेल, म्हणजे जवळपास दोन टक्के एकदाच वजा होतील. यामुळे पदरात पडणारा परतावा कमी होतो, पण अस्थिरतेवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून तो खर्च शेवटी वेगळा धरणे सोयीचे ठरते.

दुसरी पायरी: बेरीज नव्हे, गुणाकार

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे वळू. समजा, मार्च २००८ अखेर एखाद्याने ३,९९,७०० रुपये गुंतवले. ३९.९७ च्या दराने त्याचे १०,००० डॉलर झाले. निर्देशांक घसरल्यामुळे वर्षअखेर त्यांतील ६,०३२ डॉलर उरले. ५०.९५ च्या दराने त्यांची किंमत सुमारे ३,०७,३३० रुपये होते. नुकसान सुमारे ९२,३७० रुपयांचे, म्हणजे मूळ रकमेच्या २३.११ टक्के.

हे नुकसान दोन भागांत पाहता येते. डॉलरचा भाव जागचा हलला नसता, तर बुडालेल्या ३,९६८ डॉलरचे ३९.९७ च्या दराने सुमारे १,५८,६०० रुपये गेले असते. डॉलर १०.९८ रुपयांनी महाग झाल्याचा लाभ मात्र उरलेल्या ६,०३२ डॉलरवरच मिळाला. तो सुमारे ६६,२३० रुपये आहे. जे डॉलर बुडाले, त्यांच्यावर विनिमयाचा नफा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. केवळ बेरीज करणारा माणूस नेमके हेच विसरतो. तो बुडालेल्या ३,९६८ डॉलरवरही प्रत्येकी १०.९८ रुपये नफा धरतो. ही रक्कम सुमारे ४३,५७० रुपये होते आणि ती मूळ गुंतवणुकीच्या १०.९० टक्के आहे. १२.२१ आणि २३.११ यांतील अंतर बरोबर तेवढेच आहे.

म्हणून सूत्र असे आहे: एक अधिक रुपयातील परतावा, बरोबर एक अधिक परकीय चलनातील परतावा, गुणिले एक अधिक विनिमय दरातील बदल. गुणाकार उलगडला की तीन पदे मिळतात: मालमत्तेचा परतावा, चलनाचा परतावा आणि या दोहोंचा गुणाकार. शांत महिन्यात हे तिसरे पद इतके लहान असते की ते सोडून दिले तरी चालते. संकटाच्या वर्षात मात्र दोन्ही आकडे मोठे असतात आणि तेव्हा हे पद सोडणे महागात पडते.

ज्यांना बेरीजच हवी आहे त्यांनी लॉगरिदमवर आधारित परतावा, म्हणजे शेवटच्या किमतीला सुरुवातीच्या किमतीने भागून येणाऱ्या आकड्याचा नैसर्गिक लॉगरिदम, वापरावा. वरील वर्षात निर्देशांकाचा असा परतावा −०.५०५५ आणि डॉलरचा ०.२४२७ येतो. त्यांची बेरीज −०.२६२८ होते आणि ती परत साध्या परताव्यात बदलली की तेच २३.११ टक्के नुकसान मिळते. पुढे अस्थिरतेची विभागणी करताना लॉग परताव्याचा हा गुण उपयोगी पडतो, कारण तेथे तिसरे पद उरतच नाही.

एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक आहे. भारतातील म्युच्युअल फंडामार्फत अमेरिकी निर्देशांकात पैसे असतील, तर फंडाचे रोज जाहीर होणारे निव्वळ मालमत्ता मूल्य रुपयातच असते आणि त्यात विनिमय दराचा परिणाम आधीच आलेला असतो. त्यावर पुन्हा डॉलरची वाढ चढवणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणे होय. शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या ईटीएफच्या बाबतीत आणखी एक घटक मध्ये येतो. म्युच्युअल फंड उद्योगाला परदेशी गुंतवणुकीसाठी घालून दिलेली मर्यादा २०२२ च्या सुरुवातीला भरत आली आणि अनेक फंडांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले. अशा काळात ईटीएफचा बाजारभाव त्याच्या निव्वळ मूल्यापेक्षा वर जाऊ शकतो. तो अधिमूल्याचा भाग ना निर्देशांकाचा असतो ना चलनाचा. म्हणून अभ्यासासाठी बाजारभावाऐवजी निव्वळ मूल्य घ्यावे.

तिसरी पायरी: आकड्यांची पत्रिका तयार करणे

स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात निर्देशांक आणि तिसऱ्यात डॉलरचा दर लिहावा. खाली २०१९ ते २०२५ या काळातील मार्चअखेरचे आकडे घेतले आहेत. भारतीय वाचकाला आर्थिक वर्षाची सवय असते, म्हणून एप्रिल ते मार्च असे वर्ष धरले आहे. निर्देशांक केवळ किमतीचा आहे, त्यात लाभांश धरलेला नाही. लाभांश मोजायचा असल्यास पुनर्गुंतवणूक धरणारा निर्देशांक घ्यावा. प्रत्यक्ष हाती आलेला लाभांश असेल, तर तो मिळाला त्या दिवशीच्या दराने रुपयात बदलावा, वर्षअखेरच्या दराने नव्हे.

```
A          B         C
2019-03    2834.40   69.17
2020-03    2584.59   75.39
2021-03    3972.89   73.50
2022-03    4530.41   75.81
2023-03    4109.31   82.22
2024-03    5254.35   83.37
2025-03    5611.85   85.58
```

पहिल्या ओळीत शीर्षके असल्याने आकडे दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत येतात. तिसऱ्या ओळीत पुढील सूत्रे लिहून ती आठव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत.

```
D3: =B3/B2-1
E3: =C3/C2-1
F3: =(1+D3)*(1+E3)-1
```

यातून पुढील तक्ता मिळतो. सर्व आकडे टक्क्यांत आहेत.

| आर्थिक वर्ष | निर्देशांक, डॉलरमध्ये | डॉलरचा भाव | परतावा, रुपयात |
|---|---|---|---|
| २०१९-२० | −८.८१ | ८.९९ | −०.६१ |
| २०२०-२१ | ५३.७१ | −२.५१ | ४९.८६ |
| २०२१-२२ | १४.०३ | ३.१४ | १७.६२ |
| २०२२-२३ | −९.२९ | ८.४६ | −१.६३ |
| २०२३-२४ | २७.८६ | १.४० | २९.६५ |
| २०२४-२५ | ६.८० | २.६५ | ९.६४ |

पुढे जाण्यापूर्वी एक पडताळणी करून घ्यावी. शेवटच्या स्तंभातील सहा गुणक एकमेकांशी गुणले की उत्तर सुमारे २.४५ यायला हवे. सुरुवातीची व शेवटची किंमत थेट घेतली, म्हणजे ५६११.८५ गुणिले ८५.५८ याला २८३४.४० गुणिले ६९.१७ ने भागले, तरी तेच उत्तर येते. ते जुळले नाही, तर कोठेतरी दर उलटा लिहिला आहे किंवा एखादी तारीख सरकली आहे. चक्रवाढीने पाहता या सहा वर्षांत निर्देशांक दरसाल १२.०६ टक्क्यांनी, डॉलर ३.६१ टक्क्यांनी आणि रुपयातील गुंतवणूक १६.१० टक्क्यांनी वाढली.

तक्त्यातील पहिली आणि चौथी ओळ मात्र या सरासरीपेक्षा अधिक सांगते. निर्देशांक नऊ टक्क्यांच्या आसपास घसरला अशी दोन वर्षे आहेत. त्या दोन्ही वर्षांत डॉलर जवळजवळ तितकाच वधारला आणि रुपयात मोजणाऱ्याला घसरण नाममात्र दिसली. चढत्या बाजाराच्या २०२०-२१ या वर्षात नेमके उलट घडले.

चौथी पायरी: अस्थिरता मोजणे

अस्थिरता म्हणजे परताव्यांचे त्यांच्या सरासरीपासूनचे प्रमाण विचलन. स्प्रेडशीटमध्ये ते एका सूत्राने मिळते. त्याच्याच शेजारी निर्देशांक आणि डॉलर यांचा सहसंबंधही काढावा.

```
=STDEV.S(D3:D8)
=STDEV.S(E3:E8)
=STDEV.S(F3:F8)
=CORREL(D3:D8,E3:E8)
```

उत्तरे अशी येतात: निर्देशांकाची डॉलरमधील अस्थिरता २४.० टक्के, डॉलरच्या भावाची ४.४ टक्के आणि रुपयातील परताव्याची १९.८ टक्के. स्वतः हलणारी आणखी एक गोष्ट जोडूनही एकूण हालचाल कमी झाली. याचे कारण चौथ्या सूत्रात आहे. सहसंबंध −०.९६ इतका येतो, म्हणजे या सहा वर्षांत निर्देशांकाचा परतावा आपल्या सरासरीच्या वर गेला तेव्हा डॉलरचा बहुधा आपल्या सरासरीच्या खाली राहिला, आणि उलटही.

हे नाते एका सूत्रात बसते. रुपयातील परताव्याचे प्रसरण, म्हणजे अस्थिरतेचा वर्ग, जवळपास तीन गोष्टींच्या बेरजेइतके असते: मालमत्तेच्या अस्थिरतेचा वर्ग, चलनाच्या अस्थिरतेचा वर्ग आणि या दोन अस्थिरता व सहसंबंध यांच्या गुणाकाराची दुप्पट. आपले आकडे घालून पाहू. २४.०१ चा वर्ग ५७६.७, ४.३८ चा वर्ग १९.२ आणि तिसरे पद −२०१.०. बेरीज ३९४.९ होते आणि तिचे वर्गमूळ १९.९ येते. थेट मोजलेले उत्तर १९.८ होते. हा किरकोळ फरक दुसऱ्या पायरीतील गुणाकाराच्या पदामुळे राहतो. तो याहून बराच मोठा दिसू लागला, तर पूर्ण हिशेब लॉग परताव्यावर करावा.

या तीन पदांतील चलनाचा वर्ग किती लहान आहे ते पाहण्यासारखे आहे. ५७६.७ समोर १९.२ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. समजा सहसंबंध शून्य असता, तर रुपयातील अस्थिरता २४.० वरून केवळ २४.४ झाली असती. परदेशी शेअर घेताना विनिमय दराची जोखीम वेगळी वाढते, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला या आकड्यांत फारसा आधार नाही. शेअरसारख्या मोठ्या चढउताराच्या मालमत्तेत चलनाची स्वतःची हालचाल दबून जाते. जो काही परिणाम उरतो, तो जवळजवळ सगळा सहसंबंधातून येतो.

हेच सूत्र उलटे फिरवले की एक उपयोगी सीमारेषा मिळते. सहसंबंध हा चलनाची अस्थिरता भागिले मालमत्तेच्या अस्थिरतेची दुप्पट, याच्या ऋण किमतीपेक्षाही खाली असेल, तरच चलनामुळे अस्थिरता घटते. आपल्या शेअर निर्देशांकासाठी ही रेषा सुमारे −०.०९ आहे, म्हणजे किंचितसा विरुद्ध कलही पुरतो. आता डॉलरमधील अशा एखाद्या रोख्याचा विचार करू, ज्याची अस्थिरता सहा टक्के आहे. तेथे ही रेषा −०.३७ वर जाते. सहसंबंध −०.३ असला तरी रुपयातील अस्थिरता ६.० वरून ६.३ होते, आणि तो शून्य असला तर ७.४ होते. डॉलरमधील मुदत ठेवीची गोष्ट आणखी टोकाची आहे. तिचा डॉलरमधील परतावा आधीच ठरलेला असल्याने रुपयात दिसणारा सगळा चढउतार विनिमय दराचाच असतो. परदेशी शेअर आणि परदेशी ठेव या दोन्हींना ‘परकीय चलनातील गुंतवणूक’ असे एकच नाव देऊन जोखमीबद्दल एकच मत बनवणे म्हणूनच चुकीचे आहे.

पाचवी पायरी: सहसंबंधावर किती विसंबावे

−०.९६ हा आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये. तो केवळ सहा निरीक्षणांचा आहे आणि त्यांतील एक निरीक्षण मार्च २०२० अखेरचे आहे. कोरोनामुळे बाजार कोसळल्यानंतर जेमतेम आठवडाभरातच ही तारीख येते आणि त्यामुळे तिच्या मागच्या व पुढच्या अशा दोन्ही वर्षांना एकाच घटनेने विरुद्ध दिशांना ताणले आहे. मासिक आकडे घेतले की सहसंबंध बहुधा बराच सौम्य निघतो. अंदाज करायचाच झाला, तर −०.३ धरून पाहावे. मग २४ टक्क्यांची अस्थिरता २३.१ वर येते. बदल त्याच दिशेने, पण कितीतरी लहान. मासिक परताव्याचे प्रमाण विचलन वार्षिक करण्यासाठी त्याला बाराच्या वर्गमुळाने गुणावे.

```
=STDEV.S(F3:F62)*SQRT(12)
```

आकड्यांपेक्षा कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. जगभर भीती पसरते तेव्हा विदेशी संस्थात्मक गुंतवणूकदार भारतासारख्या उदयोन्मुख बाजारांतून पैसे काढतात, रुपये विकून डॉलर घेतात आणि रुपया घसरतो. २००८ मध्ये आणि मार्च २०२० मध्ये हेच झाले. २०२२ मध्ये यंत्रणा थोडी वेगळी होती. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने त्या वर्षी मार्चपासून वेगाने व्याजदर वाढवले. त्याच एका कारणाने तेथील शेअर खाली आले आणि डॉलर वर गेला. दोन्ही प्रकारांत संकटाचे मूळ भारताबाहेर होते, हे महत्त्वाचे.

मूळ निदान अंशतः भारतात असले की चित्र बदलते. २०१३ च्या उन्हाळ्यात फेडरल रिझर्व्ह रोखे खरेदी आवरती घेणार अशी चिन्हे दिसताच, चालू खात्यावरील मोठ्या तुटीमुळे रुपया इतर अनेक चलनांपेक्षा अधिक अडचणीत आला आणि ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. अमेरिकी शेअर मात्र त्या वर्षी चढतच होते. मार्च २०१३ ते मार्च २०१४ या काळात निर्देशांक १५६९.१९ वरून १८७२.३४ वर, म्हणजे १९.३२ टक्के वाढला आणि डॉलर ५४.३९ वरून ६०.१० रुपयांवर, म्हणजे १०.५० टक्के. दोन्ही एकाच दिशेने गेल्याने रुपयातील परतावा ३१.८५ टक्के झाला. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही सुखद घटना होती. पण अस्थिरतेच्या हिशेबात अशी वर्षे सहसंबंधाला शून्याकडे खेचतात.

आणि चलनच वेगळे असले तर? जपानी गुंतवणूकदाराचे उदाहरण घेऊ. संकटात जगभरचा पैसा येनकडे वळत असे, त्यामुळे २००८ या कॅलेंडर वर्षात डॉलर सुमारे ११२ येनांवरून ९१ येनांच्या आसपास उतरला. एस अँड पी ५०० त्या वर्षी ३८.५ टक्क्यांनी पडला होता. दोन्हींचा गुणाकार केला की येनमध्ये मोजणाऱ्याचे जवळपास अर्धे भांडवल गेलेले दिसते. मालमत्ता तीच, वर्ष तेच. म्हणून अमेरिकी किंवा जपानी गुंतवणूकदारांसाठी लिहिलेले चलन जोखमीविषयीचे निष्कर्ष भारतीय वाचकाने जसेच्या तसे उचलू नयेत. टोकियो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसालाही आधी हेच ठरवावे लागते की त्याचा पुढचा खर्च कोणत्या चलनात होणार आहे. मापाचे चलन तेच धरावे लागते.

रोजच्या आकड्यांतील एक सापळा

काही जण अधिक निरीक्षणे मिळावीत म्हणून दैनंदिन आकड्यांकडे वळतात. तेथे वेळेचा घोटाळा होतो. भारतातील संदर्भ दर दुपारपर्यंतच्या व्यवहारांवरून ठरतो, तर न्यूयॉर्कचा बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर दीड वाजता, आणि हिवाळ्यात अडीच वाजता, बंद होतो. एकाच तारखेचे दोन आकडे शेजारी ठेवले, तर निर्देशांक आदल्या रात्रीनंतरच्या बातम्या धरून चालतो आणि रुपया त्या बातम्या दुसऱ्या दिवशी ऐकतो. परिणामी सहसंबंध खोटाच शून्याजवळ दिसतो. यासाठी निर्देशांकाच्या तारखेशी पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा संदर्भ दर जोडावा. तारीख सरकवण्यापूर्वीचा आणि नंतरचा सहसंबंध दोन्ही काढून पाहावेत. त्यांत मोठा फरक पडला, तर पहिला आकडा वेळेच्या तफावतीमुळे बिघडला होता असे समजावे. साप्ताहिक व मासिक आकड्यांत हा दोष आपोआप विरळ होतो.

दुसरा भ्रम शांत काळाचा आहे. २०२३ आणि २०२४ चा बहुतेक काळ रिझर्व्ह बँकेच्या हस्तक्षेपामुळे डॉलर साधारण ८२ ते ८४ रुपयांच्या अरुंद पट्ट्यात राहिला. केवळ त्याच काळाचे आकडे घेणाऱ्याला चलनाची अस्थिरता नगण्य वाटली असती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच डॉलर ८७ रुपयांच्या पुढे गेला होता. व्यवस्थापित चलनाचे प्रमाण विचलन काढताना खिडकी निदान एखाद्या मोठ्या धक्क्याला कवेत घेईल इतकी लांब असावी.

विनिमय दराचे संरक्षण घेतले तर काय होते

अस्थिरता कमी करण्यासाठी वायदा कराराने डॉलर आधीच विकून ठेवणे, हा उपाय अनेकांच्या मनात येतो. भारतातील व्याजदर अमेरिकेपेक्षा सामान्यतः जास्त असल्याने वायद्यातील डॉलर आजच्या दरापेक्षा महाग असतो आणि विकणाऱ्याला तो फरक मिळतो. पण चौथ्या पायरीतील हिशेब लक्षात घ्या. संरक्षण घेणे म्हणजे चलनाचा वर्ग आणि सहसंबंधाचे पद ही दोन्ही पुसणे. आपल्या सहा वर्षांत ती दोन्ही पुसली, तर अस्थिरता १९.८ वरून पुन्हा २४ च्या आसपास जाते.

संकटाच्या वर्षात ही गोष्ट आणखी बिघडते. २००८-०९ चेच उदाहरण घेऊ आणि समजण्यापुरते असे धरू की मार्च २००८ मध्ये वर्षभराच्या मुदतीचे १०,००० डॉलर दोन टक्के अधिक दराने, म्हणजे ४०.७७ रुपयांना, विकून ठेवले होते. वर्षअखेर डॉलर ५०.९५ रुपयांना झाल्याने करारावर प्रति डॉलर १०.१८ रुपये, म्हणजे एकूण १,०१,८०० रुपये तोटा होतो. मालमत्ता मात्र ६,०३२ डॉलरचीच उरलेली असते आणि तिची किंमत सुमारे ३,०७,३३० रुपये असते. तोटा वजा करता हातात सुमारे २,०५,५३० रुपये राहतात. मूळ ३,९९,७०० रुपयांवर हे नुकसान ४८.६ टक्के आहे, तर संरक्षण न घेणाऱ्याचे २३.१ टक्के होते. डॉलरमधील घसरण ३९.७ टक्के असताना नुकसान त्याहूनही अधिक झाले, कारण करार दहा हजार डॉलरचा होता आणि संरक्षण देण्याजोगे डॉलर सहा हजारच उरले होते. करारातील बाकीच्या ३,९६८ डॉलरचा सौदा उघडा पडला. दुसऱ्या पायरीत ज्या गुणाकाराच्या पदाने १०.९० टक्के खाल्ले होते, तेच पद येथेही वजा झाले आहे. दर महिन्याला कराराची रक्कम मालमत्तेच्या चालू डॉलर किमतीइतकी करत गेल्यास हा भाग बराच आवरता येतो. त्यानंतर उरते ते निर्देशांकाचे मूळ ३९.७ टक्के नुकसान, अधिक वायद्यातील दोनेक टक्क्यांचा लाभ.